‘त्यांनी’ म्हणजे नक्की कोणी?

पत्र: मी ठाण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीची मानद सचिव आहे. समितीच्या सभेच्या इतिवृत्तात मी लिहिलं होतं: ‘अध्यक्षांनी खजिनदारांना सांगितले की, त्यांनी कंत्राटदाराशी बोलून त्यांची थकबाकी महिनाअखेर द्यावी.’ खजिनदारांना वाटलं, अध्यक्ष देणार. पैसे गेले नाहीत, गच्चीचं काम थांबलं. शिवाय एका सदस्याने विचारलं, खजिनदारांनी पंपासाठी पदरचे घातलेले ६,५०० रुपये अजून का दिले नाहीत? मग मी वाक्य बदललं: ‘अध्यक्षांच्या सूचनेनुसार कंत्राटदाराशी बोलून त्यांची थकबाकी महिनाअखेर देण्याचे खजिनदारांना सांगण्यात आले.’ आता खजिनदारांनी एक शब्द न बोलता ३८,००० रुपये देऊन टाकले आणि अध्यक्ष चिडले आहेत. मी मराठीची पदवीधर आहे, वाक्यात व्याकरणाची चूक नाही. सभेत सगळ्यांना सगळं कळलं होतं. दर वेळी ‘खजिनदारांनी, खजिनदारांनी’ लिहिलं तर शाळकरी निबंध वाटतो. एकच अर्थ निघेल असं वाक्य लिहायचं तरी कसं? — एक सचिव

उत्तर:

सचिवताई, तुमचं पहिलं वाक्य शब्दाशब्दाने तपासू या, कारण सगळा गुंता त्याच्या पोटात आहे. त्यात सर्वनामं दोनच आहेत: ‘त्यांनी’ आणि ‘त्यांची’. पण माणसं तीन आहेत. ‘त्यांनी’च्या जागी आधी ‘अध्यक्षांनी’ घालून वाक्य मोठ्याने वाचा, मग ‘खजिनदारांनी’ घालून वाचा. दोन्ही वाक्यं नीट उभी राहतात. ‘अध्यक्षांनी खजिनदारांना सांगितले की, अध्यक्षांनी द्यावी’ हे थोडं अवघडलेलं वाटेल. पण समितीच्या सभेत अध्यक्ष स्वतःवर काम घेतात आणि ते खजिनदारांना कळवतात, असं नेहमी घडतं. खजिनदारांनी तेच गृहीत धरलं. त्यांच्या वाचनात खोट काढता येत नाही.

आता ‘त्यांची’. इथे मला तुमच्या एका गृहीताला हात घालावा लागेल. व्याकरण चुकलेलं नाही असं तुम्ही म्हणता. मग ‘कंत्राटदाराशी’ हे रूप बघा. ते एकवचनी आहे, आदरार्थी लिहायचं असतं तर ‘कंत्राटदारांशी’ झालं असतं. म्हणजे कंत्राटदाराला तुम्ही एकेरी धरलंय आणि लगेच पुढे ‘त्यांची’ म्हटलंय. व्याकरण काटेकोरपणे पाळणारा वाचक म्हणेल, कंत्राटदाराची असती तर ‘त्याची’ लिहिलं असतं, ‘त्यांची’ लिहिलंय म्हणजे ज्यांचा उल्लेख आदराने झालाय त्यांची. तसे दोघे आहेत, अध्यक्ष आणि खजिनदार, आणि त्यांतल्या खजिनदारांचे ६,५०० रुपये खरोखरच यायचे आहेत. ज्या सदस्याने ते विचारलं त्याने फाटा फोडला नाही. त्याने तुमचं वाक्य लिहिलं होतं तसं वाचलं.

मराठीत हा घोळ सर्रास होतो आणि त्याचं कारण आपल्या आदरार्थी बहुवचनात आहे. ‘त्याने’ आणि ‘तिने’ म्हटलं की निदान स्त्री की पुरुष ते कळतं. ‘त्यांनी’ म्हटलं की एक पुरुष, एक बाई, दोघं, दहा जण, सगळे एकाच शब्दात बसतात. सोसायटी, शाळा, बँक, ग्रामपंचायत, जिथे जिथे आपण आदराने लिहितो तिथे प्रत्येक जण ‘ते’ असतो आणि प्रत्येकाचं सगळं ‘त्यांचं’ असतं. आदर सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. पण एका दस्तऐवजात प्रत्येक व्यक्तीसाठी एकच रूप ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. कंत्राटदार एकेरी तर एकेरीच, आदरार्थी तर आदरार्थीच. एवढ्यानेच काही वाक्यं आपोआप सुटतात.

‘थकबाकी’ हे सर्वनाम नाही, तरी तेही इथे गोंधळात भर घालतं. सोसायटीत हा शब्द बहुतेक वेळा सदस्यांकडून येणं असलेल्या रकमेसाठी वापरतात. ‘कंत्राटदाराची थकबाकी’ म्हणजे त्याला द्यायची की त्याच्याकडून घ्यायची? तुमच्या वाक्यात ‘द्यावी’ आहे म्हणून दिशा कळते, पण ‘कंत्राटदाराच्या थकबाकीचा विषय मिटवावा’ एवढंच लिहिलं असतं तर तेही कळलं नसतं. त्यापेक्षा ‘सोसायटीने कंत्राटदाराला देणे असलेले ३८,००० रुपये’ असं सरळ लिहा. रकमेचा आकडा लिहिला की ६,५०० रुपयांचा प्रश्न उरतच नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे येते, कारण ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पहिलं वाक्य फसल्यावर तुम्ही ‘त्यांनी’ काढून टाकलंत. सर्वनाम गेलं म्हणजे संदिग्धता गेली असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सर्वनामाबरोबर कर्ताही गेला, आणि ‘बोलून’ हा शब्द मोकळा सुटला. ‘कंत्राटदाराशी बोलून’ हे कोणत्या क्रियेला जोडायचं? वाक्यात पुढे दोन क्रिया आहेत. एक, ‘देण्याचे’. दुसरी, ‘सांगण्यात आले’. ‘बोलून’ जर ‘देण्याचे’ला जोडलं तर खजिनदारांनी आधी बोलायचं आणि मग द्यायचं. ते ‘सांगण्यात आले’ला जोडलं तर ज्याने सांगितलं तो आधीच कंत्राटदाराशी बोललेला आहे आणि खजिनदारांनी आता फक्त पैसे द्यायचे. ‘अध्यक्षांच्या सूचनेनुसार’ हे शब्द अगदी शेजारी असल्यामुळे दुसरा अर्थ आणखी बळकट होतो. खजिनदारांनी नेमकं तेच वाचलं: अध्यक्ष बोलून आले, आपण चेक फाडायचा. पहिल्या वाक्यात नसलेला एक तिसरा अर्थ दुरुस्तीतून जन्माला आला.

‘-ण्यात आले’ हा सरकारी छापाचा प्रयोग म्हणूनच मी इतिवृत्तात जपून वापरायला सांगते. ‘ठरविण्यात आले’, ‘कळविण्यात आले’, ‘पाहणी करण्यात आली’ यांत करणारा लुप्त होतो. कधी कधी तो खरंच महत्त्वाचा नसतो. ‘सभा रात्री साडेआठला सुरू करण्यात आली’ या वाक्यात कोणी सुरू केली यावरून भांडण होणार नाही. पण जिथे पुढे कोणाला तरी काम करायचं आहे, तिथे कर्ता लिहिलाच पाहिजे. आणि वाक्यात ‘-ऊन’ असेल तर हमखास लिहिला पाहिजे.

या ‘-ऊन’बद्दल थोडं सविस्तर सांगते. शाळेत शिकवलेला नियम बरोबर आहे, पण पुरा नाही. नियम असा, की ‘जेवून’, ‘बोलून’, ‘पाहणी करून’ या क्रियांचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच असतो. ‘खजिनदार बँकेत जाऊन पासबुक भरून आले.’ गेले तेच, भरून घेतलं त्यांनीच, आले तेच. हा नियम शब्दशः लावला तर मात्र चांगली, रुळलेली वाक्यंही चुकीची ठरतील. ‘ही बातमी ऐकून तिला रडू आलं.’ व्याकरणाने कर्ता ‘रडू’ आहे, पण ऐकलं तिने आणि अनुभव तिचाच, म्हणून वाक्य निर्दोष आहे. ‘टाकी फुटून पाणी घरात शिरलं.’ फुटली टाकी, शिरलं पाणी, दोन वेगळे कर्ते. तरी वाक्य अस्सल मराठी आहे, कारण फुटणाऱ्या गोष्टीचं नाव ‘फुटून’च्या आधीच सांगितलंय आणि एका घटनेमुळे दुसरी आपसूक घडली आहे. ‘बस उलटून दहा जण जखमी’ हाही तोच प्रकार.

गडबड होते ती ‘-ऊन’च्या क्रियेचा कर्ता वाक्यात कुठेच नसतो तेव्हा. ‘दोनदा पत्र पाठवूनही सदस्य सभेला आले नाहीत’ हे वाक्य कित्येक इतिवृत्तांत सापडेल. समितीने पत्र पाठवलं आणि सदस्य आले नाहीत, हा एक अर्थ. सदस्यांनीच ‘आम्ही येतो’ असं दोनदा लेखी कळवलं आणि तरी आले नाहीत, हा दुसरा. पहिला अर्थ लेखकाच्या मनातला, आणि वाक्याची रचना मात्र दुसऱ्याकडे झुकलेली. यातून बाहेर पडायचा सोपा मार्ग म्हणजे ‘-ऊन’ मोडून दोन पूर्ण क्रियापदं करायची आणि दोघांनाही आपापला कर्ता द्यायचा: ‘समितीने सदस्यांना दोनदा पत्र पाठवले. तरीही सदस्य सभेला आले नाहीत.’ शब्द वाढले, पण वकिलालाही दुसरा अर्थ काढता येणार नाही.

‘-ताना’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘मी जेवत असताना फोन आला’ यात दोन कर्ते चालतात, कारण ‘मी’ लिहिलंय. तो शब्द वगळला की संकट. ‘गाडी बाहेर काढताना रखवालदाराने सदस्याला हटकले.’ गाडी कोण काढत होतं? रखवालदाराकडे एखाद्या सदस्याच्या गाडीची किल्ली असू शकते, आणि सदस्य स्वतःही गाडी काढत असू शकतो. सदस्य काढत असेल तर ‘गाडी बाहेर काढणाऱ्या सदस्याला रखवालदाराने हटकले’ असं लिहा. ‘-ताना’ मोडून ‘-णाऱ्या’ केलं आणि ज्याचं विशेषण त्याच्या शेजारी नेऊन बसवलं की काम झालं. रखवालदार काढत असेल तर ‘रखवालदार गाडी बाहेर काढत होता, तेव्हा रखवालदाराने सदस्याला हटकले.’ होय, ‘रखवालदार’ दोनदा आलं. त्याबद्दल पुढे बोलते.

अपघाताच्या बातम्यांत ‘रस्ता ओलांडताना ट्रकने वृद्धाला धडक दिली’ असं वाक्य आपण सतत वाचतो आणि कोणीही गोंधळत नाही, कारण ट्रक रस्ता ओलांडतो असं कोणी म्हणत नाही. जगाचं ज्ञान तिथे वाक्याला सांभाळून घेतं. तुमच्या कामात ते ज्ञान मदतीला येत नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघेही बोलू शकतात, देऊ शकतात, सही करू शकतात. सगळे उमेदवार सारखेच शक्य असतात, म्हणून इतिवृत्ताचं वाक्य बातमीपेक्षा कडक हवं.

‘सभेत सगळ्यांना कळलं होतं’ या तुमच्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे. सभेत कळलं ते वाक्यामुळे कळलं नाही. अध्यक्षांनी बोलताना खजिनदारांकडे पाहिलं असेल, बिलाचा कागद पुढे केला असेल, आधी दहा मिनिटं गच्चीच्याच कामावर चर्चा झाली असेल. इतिवृत्तात यातलं काहीच उतरत नाही. आणि इतिवृत्त सभेला हजर असलेल्यांपेक्षा गैरहजर असलेल्यांना, लेखापरीक्षकाला आणि दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या समितीला जास्त लागतं.

सर्वनाम आणि ‘-ऊन’ यांच्याखेरीज एक तिसरी जागा तुमच्या कागदपत्रांत नक्की असेल, म्हणून ती सांगून ठेवते. ‘गेल्या महिन्यात राहायला आलेल्या सदस्यांच्या भाडेकरूंची नोंद पोलीस ठाण्यात करावी.’ गेल्या महिन्यात कोण आलं, सदस्य की भाडेकरू? मराठीची एक सोय इथे आपला हात सोडते. प्रत्यय लागला नसेल तेव्हा विशेषण आपलं नाम दाखवून देतं: ‘जुना पाइप’, ‘जुनी गच्ची’, ‘जुने प्लास्टर’. पण नामाला ‘-ला’, ‘-ने’, ‘-ची’ असा प्रत्यय लागला, की तिन्ही ठिकाणी एकच रूप येतं: ‘जुन्या’. म्हणून ‘जुन्या गच्चीच्या पाइपची दुरुस्ती’ यात गच्ची जुनी की पाइप, ते रूपावरून ओळखताच येत नाही. पाइप जुना असेल तर ‘गच्चीच्या जुन्या पाइपची दुरुस्ती’ असं लिहा, शब्द फक्त एक घर पुढे सरकतो. ‘आलेल्या सदस्यांच्या भाडेकरूंची’ हे तेवढ्याने दोन्ही अर्थांसाठी सुटत नाही. तिथे ‘जे–ते’ वापरा: ‘सदस्यांचे जे भाडेकरू गेल्या महिन्यात राहायला आले, त्या भाडेकरूंची नोंद…’ किंवा, अर्थ तसा असेल तर, ‘जे सदस्य गेल्या महिन्यात राहायला आले, त्या सदस्यांच्या भाडेकरूंची नोंद…’ ही ‘जे–ते’ची रचना हल्ली लोकांना जुनाट वाटते. मला ती फार मोलाची वाटते, कारण तिच्यात विशेषण कोणाचं हे लपवायला जागाच नसते. स्वल्पविराम टाकून असं वाक्य सावरण्याचा प्रयत्न करू नका. इतिवृत्त सभेत मोठ्याने वाचलं जातं आणि स्वल्पविराम ऐकू येत नाही.

सदस्यांच्या चर्चेची नोंद करताना ‘आपला’ शब्दही सांभाळा. ‘अध्यक्षांनी खजिनदारांना आपला अहवाल वाचण्यास सांगितले.’ अहवाल अध्यक्षांचा, खजिनदारांचा, की सगळ्यांचा मिळून सोसायटीचा? ‘आपला’ साधारणपणे वाक्याच्या कर्त्याकडे जातो, पण इथे सांगणारे अध्यक्ष आणि वाचणारे खजिनदार असे दोन कर्ते आहेत. ‘खजिनदारांनी स्वतःचा अहवाल वाचावा, असे अध्यक्षांनी सांगितले’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. ‘स्वतःचा’ हा शब्द आपल्याच छोट्या वाक्यातल्या कर्त्याला धरून राहतो, ‘आपला’सारखा लांब उडी मारत नाही. आणि ज्याला काम करायचं आहे तो आधी आला, सांगणारा शेवटी गेला, त्यामुळे वाक्याचं तोंडही योग्य दिशेला वळलं.

आता पुनरुक्तीचा प्रश्न. एकच नाम पुन्हा पुन्हा येऊ नये हा सल्ला ललित लेखनासाठी रास्त आहे. तो तिथून उचलून इतिवृत्तात आणला की नुकसान होतं. इतिवृत्त वाचणारा वाचनाच्या आनंदासाठी आलेला नसतो, तो ‘माझ्यावर काय काम आलंय’ हे शोधत असतो. त्याला स्वतःचं पद तीनदा दिसलं तर बरंच वाटतं. पुनरुक्ती टाळायला लोक ‘सदर व्यक्ती’, ‘उपरोक्त’, ‘संबंधित’ असे शब्द घालतात. ते सर्वनामांचेच भारदस्त भाऊ आहेत. वर दोन व्यक्ती असतील तर ‘सदर व्यक्तीने’ म्हणजे कोणी, हा प्रश्न जसाच्या तसा राहतो. कंसात खुलासा करण्याचीही एक पद्धत आहे, ‘त्यांनी (खजिनदारांनी)’ अशी. दुसऱ्याचं बोलणं शब्दशः उद्धृत करताना तो कंस योग्य, कारण तिथे मूळ शब्द बदलता येत नाही. स्वतःच्या वाक्यात मात्र कंसातलं नाव बाहेर काढा आणि सर्वनाम खोडा.

प्रत्येक सर्वनाम काढायचं असंही नाही. ज्याच्यासाठी एकच उमेदवार आहे ते खुशाल ठेवा. ‘खजिनदार गैरहजर होते. त्यांनी रजेचा अर्ज दिला होता.’ इथे दुसरं कोणीच नाही. लिंग वेगळं असेल तरी पुष्कळदा निभावतं, पण डोळे मिटून त्यावर विसंबू नका. ‘अभियंत्याने लिफ्टची तपासणी केली. ती अपुरी आहे.’ वरवर बघता ‘ती’ स्पष्ट वाटते. पण लिफ्टही स्त्रीलिंगी आणि तपासणीही स्त्रीलिंगी. चाळीस कुटुंबांना एक लिफ्ट अपुरी, की केलेली तपासणी अपुरी? पहिल्या अर्थाने नवी लिफ्ट बसवावी लागेल, दुसऱ्या अर्थाने अभियंत्याला पुन्हा बोलवावं लागेल.

हे सगळं तुमच्या वाक्याला लावून बघू. पण त्याआधी एक काम आहे, आणि ते घरी बसून होणार नाही. वाक्य दुरुस्त करताना तुम्ही अर्थ निवडत असता, आणि तो निवडण्याचा अधिकार सचिवाला नसतो. म्हणून अध्यक्षांना आणि खजिनदारांना विचारा: कंत्राटदाराशी काय बोलायचं ठरलं होतं? नुसतं ‘पैसे अमुक दिवशी मिळतील’ एवढं कळवायचं होतं, की गच्चीचं काम नीट झालंय का हे बघून मग पैसे सोडायचे होते? ‘बोलून… द्यावी’ या शब्दांत या दोन्ही गोष्टी मावतात. ‘-ऊन’ फक्त क्रम सांगतो, आधी हे, मग ते. आधीची गोष्ट झाली नाही तर नंतरची करायची की नाही, ते तो सांगत नाही. अध्यक्ष चिडले आहेत त्यावरून वाटतं की त्यांच्या मनात अट होती. तसं असेल तर अट अटीसारखी लिहा. मी असं लिहीन:

‘गच्चीच्या कामापोटी सोसायटीने कंत्राटदाराला ३८,००० रुपये देणे आहे. खजिनदारांनी कंत्राटदाराला बोलावून झालेले काम दाखवण्यास सांगावे. काम पूर्ण झाल्याची खजिनदारांची खात्री पटली, तरच खजिनदारांनी ३१ मार्चपर्यंत कंत्राटदाराला ही रक्कम द्यावी, असे अध्यक्षांनी सांगितले.’

यावर तीच कसोटी लावा. ‘बोलावून’ कोणी? पुढच्या ‘सांगावे’चा कर्ता खजिनदार, बोलावणारेही तेच, बोलावू शकेल असं दुसरं कोणी त्या वाक्यात नाही. ‘ही रक्कम’ कोणती? परिच्छेदात एकच रक्कम आहे. पैसे कधीपर्यंत? ‘महिनाअखेर’ ऐवजी तारीख आहे, कारण ‘महिनाअखेर’ म्हणजे शेवटच्या दिवशी की शेवटच्या दिवसापर्यंत, यावरूनही वाद झालेले आहेत. मी तारीख मार्चची धरली आहे, तुमच्या सभेची असेल ती घाला. तुमचं वाक्य एक होतं, त्याची तीन झाली. खजिनदारांचे ६,५०० रुपये हा वेगळा विषय आहे, त्याची नोंद वेगळ्या क्रमांकाखाली करा, एका परिच्छेदात दोन देणी ठेवू नका.

आणि अध्यक्षांनाच जर नक्की काय म्हणालो ते आठवत नसेल? मग एकार्थी वाक्य लिहू नका. ते सुबक असेल, पण खोटं असेल. ‘या मुद्द्यावर स्पष्टीकरण आवश्यक आहे’ एवढंच टिपून विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्या.

वाक्य लिहून झालं की सभेला न आलेल्या एखाद्या व्यक्तीला ते वाचायला द्या. ‘कळलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘पैसे कोण देणार? कोणाला? त्याआधी काय व्हायला हवं? ते कोण करणार?’ असं विचारा. उत्तर द्यायला ती व्यक्ती अडखळली, किंवा ‘बहुतेक खजिनदार’ असं म्हणाली, तर तो ‘बहुतेक’ जिथे आला तिथे वाक्यात भोक आहे. घरातल्या माणसाला देऊ नका, तुम्ही जेवताना त्यांना सगळी हकीकत आधीच सांगितलेली असते.

राहिला प्रश्न आधीच्या नोंदीचा. ते इतिवृत्त अजून कायम झालेलं नसेल तर मसुद्यात बदल सुचवा आणि पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयात दुरुस्तीसह कायम करून घ्या. कायम झालेलं असेल तर जुन्या पानावर खाडाखोड करू नका, वर चिठ्ठी चिकटवू नका. नव्या सभेच्या इतिवृत्तात दुरुस्ती नोंदवा: ‘मागील सभेच्या इतिवृत्तातील विषय क्रमांक अमुक मधील “अध्यक्षांच्या सूचनेनुसार… खजिनदारांना सांगण्यात आले” या संपूर्ण वाक्याऐवजी पुढील मजकूर वाचावा’, आणि खाली तो मजकूर. ३८,००० रुपये तर दिले गेलेच आहेत. म्हणून त्याच्याच खाली आणखी एक वाक्य घाला, तारखेसह: ‘खजिनदारांनी ही रक्कम कामाची पाहणी होण्यापूर्वी कंत्राटदाराला दिली आहे.’ त्याला दोष देण्याचा सूर लागू देऊ नका, घडलं ते घडलं तसं लिहा. पाहणी आता कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सभेत ठरेल, तेही त्या माणसाच्या पदासह लिहून ठेवा.